सर्च फर्मचा निरोप आला, तर पहिलं उत्तर काय द्यावं?

समजा, तुम्ही चाकणच्या एका कंपनीत ऑपरेशन्सचे उपाध्यक्ष आहात. वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, दोन प्लांट तुमच्या हाताखाली, वर थेट एमडी. बुधवारी दुपारी उत्पादनाची आढावा बैठक चालू असताना लिंक्डइनवर चार ओळी येऊन पडतात. वाहन उद्योगातली एक जुनी, लिस्टेड, पण घराण्याच्या ताब्यात असलेली कंपनी सीईओ शोधते आहे, तुमचं नाव ‘बाजारातून’ कळलं, पंधरा मिनिटं बोलता येईल का, आणि अर्थातच सगळं गोपनीय राहील.

यातल्या शेवटच्या वाक्याकडे आधी नीट पाहा. गोपनीयता कुणाची? सर्च फर्मला पैसे देणाऱ्या कंपनीची. तिचं नाव बाहेर फुटू नये, आत्ता खुर्चीवर बसलेल्या माणसाला शोधाची कुणकुण लागू नये, याची काळजी फर्म घेतेच, कारण तो तिच्या धंद्याचा भाग आहे. तुमची गोपनीयता मात्र तुम्हाला मागून घ्यावी लागते, तीही पहिल्याच उत्तरात. होय की नाही हे ठरवायला पुढे भरपूर वेळ मिळतो. सीईओचा शोध सहसा काही महिने चालतो. पहिल्या उत्तरात ठरते ती एकच गोष्ट: तुमचं नाव कुणापुढे जाणार, कधी जाणार, आणि ते कुणाच्या परवानगीनं.

उत्तर देण्याआधी निरोप कुणाचा आहे ते तपासायला हवं. या धंद्यात दोन तऱ्हा आहेत. एक रिटेन्ड सर्च: कंपनी एकाच फर्मला काम सोपवते आणि तिला शोध चालू असतानाच हप्त्यांनी फी देते. फी साधारणपणे त्या पदाच्या पहिल्या वर्षाच्या रोख पगाराच्या एक तृतीयांशाच्या आसपास असते. कॉर्न फेरी, स्पेन्सर स्टुअर्ट, रसेल रेनल्ड्स, हायड्रिक अँड स्ट्रगल्स, एगॉन झेंडर ही मोठी नावं, पण वाहन उद्योगापुरतं काम करणाऱ्या लहान आणि चांगल्या फर्मही आहेत. दुसरी तऱ्हा कंटिन्जन्सीची: माणूस रुजू झाला तरच पैसे. एकाच जागेसाठी चार कन्सल्टंट धावत असतात आणि ज्याच्याकडून सीव्ही आधी पोचला त्याचा फीवर हक्क, असा रिवाज असतो. त्यामुळे तुम्हाला न विचारता सीव्ही पुढे ढकलण्याचा मोह इथं सर्वांत मोठा. तुमचा सीव्ही दोन दारांनी एकाच कंपनीत पोचला, तर फीचं भांडण नको म्हणून कंपनी तुम्हालाच बाजूला ठेवते, असंही होतं. म्हणजे चूक दुसऱ्याची आणि नुकसान तुमचं.

निरोप पाठवणारा कोण हे पाहायला पाच मिनिटं पुरतात. फर्मच्या संकेतस्थळावर त्या व्यक्तीचं नाव आहे का, ईमेल फर्मच्या डोमेनवरून आहे की साध्या जीमेलवरून, फर्मच्या ऑफिसच्या नंबरवर फोन केला तर तिथं ती व्यक्ती भेटते का. नोंदणी फी, ‘असेसमेंट’चे पैसे, पहिल्याच दिवशी आधार-पॅन असं काही मागितलं तर संवाद तिथंच थांबवावा. खरी सर्च फर्म उमेदवाराकडून एक रुपयाही घेत नाही. पहिला निरोप पार्टनरचा नसून एखाद्या तरुण रिसर्च असोसिएटचा असेल, तर त्यात अपमान मानू नका. यादी तेच बनवतात. पण पार्टनरशी बोलल्याशिवाय स्वतःबद्दल काही पाठवूही नका.

आता माध्यम. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचा ईमेल, कंपनीचं वायफाय, कंपनीनं दिलेला मोबाईल, यांतलं काहीही वापरू नका. त्यावर काय पाहिलं जातं हे तुमच्यापेक्षा आयटी विभागाला जास्त ठाऊक असतं. सीव्हीची फाईल घरच्या संगणकावरच बनवा, नाहीतर फाईलच्या माहितीत कंपनीचं नाव उमटलेलं राहतं. उत्तर दोन दिवसांच्या आत द्यावं. तासाभरात दिलं तर माणूस टपून बसलाय असं दिसतं, आणि दोन आठवड्यांनी दिलं तर यादी पुढे सरकलेली असते. लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ची खूण फक्त रिक्रुटरना दिसेल अशी लावता येते, पण आपल्या कंपनीच्या माणसांना ती अजिबात दिसणार नाही याची हमी खुद्द लिंक्डइनही देत नाही. या पातळीवर ती खूण नकोच.

आधी चुकीचं उत्तर पाहू, कारण माझ्या मते तेच जास्त वेळा जातं. ‘आभार, अगदी योग्य वेळी निरोप आला. इथं आता वर जागा उरलेली नाही आणि नवे एमडी आल्यापासून वातावरणही बदललंय. सीव्ही जोडत आहे. सध्याचा सीटीसी एक कोटी चाळीस लाख, तीस टक्के वाढ अपेक्षित.’ यात खोटं काहीच नसेल. पण या मजकुराचा स्क्रीनशॉट उद्या तुमच्या एमडींच्या मोबाईलवर पोचला तर? चाकण-तळेगावच्या पट्ट्यात हे फार अवघड नाही. इथले प्रमोटर एकमेकांच्या घरच्या लग्नांत भेटतात, एकाच उद्योगसंघटनेच्या समित्यांवर बसतात, त्याच वाहन कंपन्यांच्या पुरवठादार संमेलनांत एका टेबलावर जेवतात. शिवाय तुम्ही तक्रार केलीत, किंमत सांगितलीत आणि सीव्ही मोकळा सोडलात, बदल्यात काय कळलं? कंपनीचं नावही नाही.

योग्य उत्तर यापेक्षा लहान आणि थोडं थंड असतं. प्रत्यक्षात ते इंग्रजीत जाईल, पण मजकूर साधारण असा:

‘नमस्कार. निरोपाबद्दल आभार. सध्याच्या जबाबदारीत मी गुंतलेला आहे आणि स्वतःहून दुसरं काही शोधत नाही. मात्र ही भूमिका नेमकी काय आहे हे समजून घ्यायची तयारी आहे. शनिवारी सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान पार्टनरशी फोनवर बोलू शकेन. आमचं बोलणं होऊन मी लेखी संमती देईपर्यंत माझं नाव किंवा माहिती आपल्या ग्राहकासह कुणालाही देऊ नये, ही विनंती. यापुढचा पत्रव्यवहार याच वैयक्तिक ईमेलवर करावा.’

एवढंच. ‘स्वतःहून शोधत नाही’ हे वाक्य खरं असेल तरच लिहावं. शोधत असाल तर ते गाळा, बाकीचं पत्र तसंच उभं राहतं. ‘समजून घ्यायची तयारी आहे’ यात होकार नाही आणि नकारही नाही, पण दार लोटलेलं आहे, बंद नाही, हे पलीकडच्याला कळतं. शनिवारची वेळ देण्याचं कारण उघड आहे: केबिनचं दार लावून हळू आवाजात बोलणारा उपाध्यक्ष पूर्ण मजल्याला दिसतो. पार्टनरशी बोलायचं म्हटल्यामुळे फर्मला तुमची पातळी कळते, आणि संमतीची अट लेखी राहिल्यामुळे पुढे काही फुटलं तर तुमच्याकडे तारीख असलेला कागद असतो. या पत्रात तुमच्या कंपनीचं नाव नाही, पगार नाही, तक्रार नाही. उद्या ते एमडींच्या टेबलावर आलं, तरी खाली मान घालावी लागेल असं त्यात काही नाही. पाठवण्याआधी हीच कसोटी लावावी.

शनिवारच्या फोनवर पहिली पाच मिनिटं तुम्ही विचारायचं, त्यांनी सांगायचं. काम रिटेन्ड आणि एकट्या तुमच्याकडे आहे का? ते कुणी दिलं: संचालक मंडळानं, प्रमोटरनी, की पैसे गुंतवलेल्या फंडानं? घराण्याच्या कंपनीत हा प्रश्न फार मोलाचा आहे. फंडाच्या आग्रहावरून सीईओ शोधला जात असेल आणि प्रमोटर मनातून राजी नसतील, तर ती खुर्ची पहिल्या दिवसापासून डळमळीत आहे. तिसरा प्रश्न, आत्ता त्या जागेवर कोण आहे आणि त्याला हा शोध ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर गोपनीयतेचा ताण दुप्पट, आणि कंपनी माणसाला कसं वागवते याचाही थोडा अंदाज येतो. उत्तरादाखल ‘प्रोफेशनलायझेशन चालू आहे’ असं गुळमुळीत ऐकायला मिळालं, तर खोदून विचारावं: घरातले किती जण कामात राहणार, खरेदी आणि भांडवली खर्च यांवर सही कुणाची?

मग येतो कंपनीच्या नावाचा प्रश्न. पहिल्या फोनवर फर्म बहुधा नाव सांगत नाही, आणि त्यात गैर काही नाही. पण तुम्हाला अंधारात राहायची गरज नाही. उलाढाल, प्लांटची संख्या, गाव, कोणते भाग बनतात, एवढं ऐकल्यावर या उद्योगात वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या मनात दोन-तीनच नावं उरतात. आपल्या उपाध्यक्षांच्या मनात तीन उरली आहेत असं धरू. एक थेट स्पर्धक. दुसरी त्यांच्या एमडींच्या व्याह्यांची. तिसरी कोल्हापूरकडची, जिच्याशी काही देणंघेणं नाही. अशा वेळी नाव विचारण्यापेक्षा नावं वगळावीत: ‘या दोन कंपन्यांपैकी एक असेल तर आपण इथंच थांबू, आणि माझा उल्लेख कुठंही नको.’ जबाबदार पार्टनर एवढ्यावर सांगतो, यांपैकी नाही, किंवा, मग थांबूया. वगळायच्या यादीत स्वतःची कंपनी आणि तिच्या समूहातल्या कंपन्या न विसरता घालाव्यात. वर्णन ऐकता ऐकता हे तर आपल्याच घराचं वर्णन आहे, असं लक्षात येण्याचे प्रसंग घडतात. कधी संचालक मंडळ तुमच्याच वरिष्ठाची जागा भरत असतं, कधी तुमचीच. तसा संशय आला की आपल्या कंपनीच्या उणिवांबद्दल एक शब्दही न बोलता फोन संपवावा.

कंपनी लिस्टेड असेल तर आणखी एक गोष्ट उमेदवारांच्या सहसा ध्यानात येत नाही. सेबीच्या 2015च्या इनसायडर ट्रेडिंगविरोधी नियमांत, जाहीर न झालेला सीईओबदल ही शेअरच्या भावावर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती मानली जाते. ज्या क्षणी तुम्हाला नाव आणि बदल दोन्ही कळले, त्या क्षणापासून ती माहिती तुमच्याकडेही आहे. बातमी जाहीर होईपर्यंत त्या कंपनीचे शेअर घेऊ नयेत, विकू नयेत आणि भावाला किंवा मित्राला ‘जरा लक्ष ठेव’ असंही सुचवू नये. अशी माहिती कुणाकुणाला दिली त्यांची नावं आणि पॅन नोंदवून ठेवणं कंपनीला बंधनकारक असतं. त्यामुळे पुढच्या टप्प्यावर कंपनीचं नाव सांगताना पॅन मागितला गेला, तर तो घोटाळाच असेल असं नाही. पहिल्या निरोपातच मागणारा मात्र संशयास्पद. फरक टप्प्याचा आहे. आणि तुमच्याकडे आधीपासून ते शेअर असतील तर नाव कळण्यापूर्वीच विचार करा, कारण नंतर ते अडकून पडतील.

फोनवर प्रश्न उलट बाजूनंही येतात. ‘तुमच्या प्लांटचं मार्जिन काय? पुढच्या ईव्ही प्लॅटफॉर्मचं काम तुम्हाला मिळालंय का? खरेदीप्रमुख कोण आहेत, बरे आहेत का?’ यातले काही प्रश्न तुम्हाला तोलण्यासाठी असतात, काही केवळ बाजाराची माहिती जमवण्यासाठी. मर्यादा सोपी आहे. वार्षिक अहवालात किंवा वर्तमानपत्रात छापून आलंय ते बोलावं. ग्राहकाचा दर, येऊ घातलेलं मॉडेल, प्लांटनिहाय नफा यांवर गप्प राहावं. नोकरी सुटल्यावर स्पर्धकाकडे जायला मनाई करणारं कलम करारात असलं, तरी भारतीय करार कायद्याच्या कलम 27मुळे ते सहसा कोर्टात टिकत नाही. गोपनीय माहिती न देण्याचं बंधन मात्र टिकतं आणि नोकरी संपल्यावरही राहतं. सीव्हीतही हेच. ‘एका मोठ्या दुचाकी उत्पादकासाठी नवी लाईन वेळेआधी सुरू केली’ एवढं पुरे, उत्पादकाचं नाव आणि दर नको. नाहीतरी इतकं उघडं लिहिणारा माणूस उद्या आपलंही असंच लिहील, हे पलीकडे वाचणाऱ्याला कळतंच.

पगाराबद्दल पहिल्या फोनवर आकडा न देणं चांगलं: भूमिकेचा आवाका कळला की सांगतो, एवढं म्हटलं की पार्टनर मान्य करतात. पुढे सांगाल तेव्हा खरं सांगा, कारण शेवटी पगाराच्या स्लिपा आणि आयकराचे कागद मागितले जातातच. पण फक्त सीटीसी सांगून थांबू नका. आपल्या उपाध्यक्षांचा ठरलेला पगार एक कोटी दहा लाख आणि वार्षिक बोनस तीस लाख आहे. मार्चअखेरच्या वर्षाचा बोनस जूनमध्ये हातात येतो, आणि त्या दिवशी नोकरीत असणं ही अट आहे. शिवाय पुढच्या दोन वर्षांत मिळायचे साठ लाखांचे ईसॉप्स बाकी आहेत. म्हणजे एप्रिलमध्ये राजीनामा देऊन नव्वद दिवसांची नोटीस तडजोडीनं महिन्यावर आणली, तर नव्वद लाखांवर पाणी सोडावं लागतं. नव्या कंपनीनं तीस टक्के वाढ दिली तरी वर्षाला बेचाळीस लाखच जास्त. त्यातून हा खड्डा भरायला दोन वर्षांहून अधिक काळ लागेल. हा हिशेब फर्मपुढे लवकर ठेवला, की रुजू होतानाच्या एकरकमी भरपाईची गोष्ट शेवटच्या घासाघिशीत न येता सुरुवातीलाच टेबलावर येते.

सगळं ऐकून पुढे जायचं ठरलं, तर संमती एका ओळीच्या ईमेलनं द्या, पण कंपनीचं नाव घालून: ‘अमुक कंपनीच्या सीईओ पदासाठी, आणि केवळ त्याच पदासाठी, माझी माहिती देण्यास संमती आहे.’ ‘केवळ’ नसेल तर तोच सीव्ही पुढच्या वर्षी आणखी कुठं फिरला, हे तुम्हाला शेवटी कळेल. कोणत्या तारखेला कुणाला कशासाठी संमती दिली, याची एक साधी नोंद स्वतःपाशी ठेवा.

नाही म्हणायचं ठरलं, तरी उत्तर द्यायचंच. ‘विचार केला, भूमिका चांगली आहे, पण आमच्या दुसऱ्या प्लांटचं विस्ताराचं काम पुढच्या वर्षी पूर्ण होईपर्यंत मी हलणार नाही’ असा नकार पार्टनरच्या लक्षात राहतो, कारण त्यात कारण आहे आणि मुदतही आहे. विस्ताराची बातमी जाहीर नसेल तर ‘हाती घेतलेलं काम’ म्हणावं. नकारानंतर हमखास येतो तो प्रश्न, ‘मग दुसरं कुणी सुचवाल का?’ इथं औदार्य जरा आवरतं घ्या. दुसऱ्या कंपनीतल्या परिचिताचं नाव सुचवायचं तर आधी त्याला विचारा, आणि आपल्याच हाताखालच्या माणसाचं तर सुचवूच नका. सहकाऱ्यांना फोडायला मदत न करण्याचं कलम तुमच्या करारात असू शकतं, आणि नसलं तरी ते शोभत नाही.

आणि समजा, इतकं जपूनही कुणीतरी बोललं आणि एमडींनी लिफ्टमध्ये विचारलं, ‘काय हो, ऐकतोय ते खरं का?’ साफ नाही म्हणू नका. चार महिन्यांनी राजीनामा द्यावा लागला तर ते खोटं अंगावर येईल. सगळं सांगायलाही बांधील नाही. ‘सर, विचारणा येत असतात, मी कुठं अर्ज केलेला नाही. निर्णयाच्या जवळ पोचलो तर आधी तुमच्याकडे येईन.’ हे खरं असेल आणि तुम्ही ते पाळणार असाल, तरच म्हणावं. संदर्भासाठी सध्याच्या कंपनीतल्या कुणालाही फोन जाऊ नये, निदान लेखी ऑफर हातात येईपर्यंत, हेही फर्मला संमतीच्या ईमेलमध्येच लिहून टाका. तोवर जुन्या कंपन्यांतले दोन वरिष्ठ पुरतात.

सोडण्याचं कारण मात्र पहिल्या फोनपासून एकच ठेवा. तुमचीही कंपनी लिस्टेड असेल आणि तुम्ही थेट एमडींना उत्तरदायी असाल, तर सेबीच्या नियमांत तुम्ही ‘सीनियर मॅनेजमेंट’मध्ये मोडता. राजीनामा लागू झाल्यापासून सात दिवसांच्या आत तुमचं पत्र, कारणांसकट, शेअर बाजारांना पाठवावं लागतं आणि तिथून ते कुणालाही वाचता येतं. पार्टनरला एक कारण, एमडींना दुसरं आणि पत्रात तिसरं असेल, तर तिघंही ते एकाच संध्याकाळी शेजारी शेजारी ठेवून वाचू शकतात.